‘त्याला’ आणि ‘त्यानं’

वसमतच्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यावरच्या एका नव्या कादंबरीचं हस्तलिखित आमच्याकडे आलं. भाषा कसदार, पण शंभर पानांनंतर कथा रेंगाळली. मी प्रत्येक प्रकरणाचं एकेक वाक्य लिहून पाहिलं: त्याला अवकाळीनं गाठलं, त्याला बँकेची नोटीस आली, त्याला भावानं वेगळं काढलं. सगळीकडे ‘त्याला’, ‘त्यानं’ कुठेच नाही. प्रकरणांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नव्हतं, दुखणं तिथंच होतं.

संकटं कमी करून हे सुटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर बराचसा पाहणारा, ऐकणारा. दुष्काळ तर त्याच्या हातातच नाही. तरी गावात तालीम उभी करायची हे तो मनावर घेतो आणि गावाची मेहनत त्या कामाभोवती गोळा होते.

आमच्या लेखकाला सुचवलं, नोटिशीच्या आधी नायकाला काहीतरी हवं असू द्या. समजा, हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन पोत्यांत भरली आहे. भाऊ म्हणतो, आजच मोंढ्यावर नेऊ. हा भाववाढीच्या आशेनं भावाला न सांगता पोती दडवतो, आणि भाव पडतो. आता नोटीस त्याच्या निर्णयातून येते, भाऊ तुटतो तो लपवाछपवीमुळे. निर्णय चुकीचा असला तरी चालेल, त्याची किंमत मात्र त्यानंच मोजली पाहिजे.

परवा नवं पहिलं प्रकरण आलं. पहिल्याच पानावर तो रात्री खोलीला कुलूप घालतो.