डब्यातले तेल म्हणजे लोणच्यावरचे तेल नव्हे

माझा भाचा पुण्यात तीन मित्रांसोबत राहतो. व्यायामशाळेत जायला लागल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात प्रथिनांसाठी ट्युनाचे डबे आले. एप्रिलमधल्या एका रात्री त्याने तेलातल्या ट्युनाचा डबा उघडला, अर्धा खाल्ला आणि उरलेल्यावर ताटली झाकून तो ओट्यावरच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेला ट्युना ब्रेडमध्ये घालून खाल्ला. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकायला लागले, छातीत धडधड सुरू झाली, अंगावर चट्टे उठले. डॉक्टरांनी ॲलर्जीचे औषध दिले आणि संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. फोनवर मी रागावले तेव्हा म्हणाला, ‘‘मावशी, तेलात बुडालेला होता ना! आजीचे लोणचे नाही का वर्षभर बाहेर राहत?’’

त्याच्या या प्रश्नातच बहुतेकांचा गैरसमज आहे. मासा तेलातला घ्यावा की खाऱ्या पाण्यातला, असे मला अनेकजण विचारतात. प्रश्न योग्यच आहे. पण तेल किंवा खारे पाणी हेच माशाला टिकवते, असे धरून लोक निर्णय घेतात आणि तिथे फसतात.

लोणचे टिकते ते मुख्यतः भरपूर मीठ आणि आंबटपणा यांमुळे. वरचे तेल फक्त हवा अडवते, म्हणून बुरशी धरत नाही. डब्यातल्या माशात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि मीठही थोडेच असते. लेबलवरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचे प्रमाण कळते. १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, अर्थात एक टक्का. एवढ्या मिठाला जिवाणू दाद देत नाहीत. आपला खारवलेला बांगडा टिकतो तो याच्या कितीतरी पट मिठावर. मग बंद डबा वर्षानुवर्षे कसा टिकतो? मासा भरून डबा हवाबंद करतात आणि नंतर कुकरसारख्या मोठ्या यंत्रात, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वरच्या तापमानाला तो तापवतात. आतले जिवाणू मरतात आणि बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. टिकण्याचे सारे रहस्य त्या झाकणात आहे. झाकण उघडले की तेलातला काय आणि पाण्यातला काय, तो ताज्या शिजवलेल्या माशाइतकाच नाशवंत होतो.

भाच्याला झाली ती हिस्टामाइनची बाधा असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. ट्युना म्हणजे आपला कुपा. तो, तारली आणि बांगडा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. हातावरून किंवा चमच्यावरून आलेले काही जिवाणू उबदार हवेत त्याचे हिस्टामाइन बनवतात. ॲलर्जीत आपले शरीर जे रसायन सोडते, तेच हे. म्हणून लक्षणेही तशीच दिसतात आणि ‘मला मासा सोसत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. भाचा लहानपणापासून तारली खात आला आहे, त्याला माशाची ॲलर्जी नाही. यातली खरी अडचण अशी, की असा मासा वासावरून ओळखू येईलच असे नाही. कधी जिभेला मिरीसारखी चुरचुर लागते, कधी तीही नाही. आणि एकदा तयार झालेले हिस्टामाइन परतून, उकळून जात नाही.

म्हणून डबा उघडल्यावर लागेल तेवढा मासा स्वच्छ, कोरड्या चमच्याने काढावा आणि उरलेला लगेच काचेच्या झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. पत्र्याच्या उघड्या डब्यात ठेवला तर धातूची चव उतरते आणि झाकणही नीट बसत नाही. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांवर असेल तेव्हा एकच तास. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस चालतो असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. पण आपल्याकडे वीज जाते, फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडतो, म्हणून मी दोन दिवसांत संपवा असे सांगते. तेलातला आणि पाण्यातला, दोघांना नियम एकच. थंडीत तेल गोठून पांढरट दिसले तर ते खराब झालेले नसते. मात्र फुगलेला, किंवा उघडताच फसकन उसळणारा डबा चव न घेता टाकून द्यावा.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार, पाण्यातला साधा ट्युना निथळून घेतला तर १०० ग्रॅममध्ये सुमारे १ ग्रॅम स्निग्धांश असतो. तेलातला निथळूनही सुमारे ८ ग्रॅम. १८५ ग्रॅमच्या डब्यातून साधारण १३० ग्रॅम मासा निघतो असे धरले, तर फरक ९ ग्रॅमचा, म्हणजे दोन लहान चमचे तेलाचा, ऐंशीएक कॅलरींचा. वजन सांभाळणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे. पण आणखी एक गोष्ट आहे. ज्यासाठी मासा खायचा ते ओमेगा-३ मेद तेलात विरघळतात, पाण्यात नाही. तेल निथळून फेकले की त्यातला काही भागही मोरीत जातो. म्हणून माझे मत असे: ट्युना घ्यायचा तर पाण्यातला.

तारलीची गोष्ट वेगळी. ती मुळातच तेलकट मासा आहे. तेलातली तारली निथळली तरी १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम स्निग्धांश आणि जवळपास १ ग्रॅम ओमेगा-३ असते. शिवाय मऊ झालेले काटे खाल्ले तर भरपूर कॅल्शियम. इथे तेलाची फार धास्ती घेऊ नये. डब्यातलेच तेल फोडणीला वापरावे आणि वरून वेगळे घालू नये.

राहिले मीठ. ‘खारे पाणी’ या शब्दाला घाबरून रक्तदाबाचे रुग्ण तेलातला डबा उचलतात. पण त्याच तक्त्यांत तेलातल्या ट्युनात सोडियम सुमारे ४०० मिलिग्रॅम आहे आणि पाण्यातल्यात सुमारे २५०. कारखान्यात मीठ किती घातले यावर हे ठरते, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा निघतो आणि तो वाचावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची आहे. ४०० मिलिग्रॅमवाला १३० ग्रॅम मासा एका बैठकीत संपवला, तर त्यातला चौथा हिस्सा तिथेच गेला. मग सोबत पापड-लोणचे नको. पाण्यातल्या ट्युनाचा एक फायदा इथेही आहे. तो गाळणीत घेऊन मिनिट-दोन मिनिटे नळाखाली धरला की बरेच मीठ धुऊन जाते. तेलातल्या माशावर पाणी ठरत नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

लेबलवरचे आकडे निथळलेल्या माशाचे आहेत की तेलासकट, आणि उघडलेला डबा किती दिवसांत संपवायचा, या दोन गोष्टी कंपन्यांनी ठळक अक्षरांत छापायलाच हव्यात. तोपर्यंत भाच्याच्या फ्रिजवर मी एक कागद चिकटवून आले आहे: उघडल्याची तारीख, आणि खाली, ‘हे लोणचे नाही.’