जादा कामाचे पैसे कोणी द्यायचे?

दहावीला मी मागणीपत्र शिकवते आणि तक्रारपत्रही शिकवते. गेल्या जूनमध्ये एक जुनी विद्यार्थिनी हातात बिल घेऊन घरी आली, तेव्हा कळले की तिला हवे असलेले पत्र या दोन्हींत बसत नाही. तिला पैसे द्यायचे होते, पण मागितलेले सगळे नाही. आणि किती द्यायचे, का द्यायचे, हे समोरच्याला राग न येता पटवायचे होते.

ती घरातून शाळांचे गणवेश पुरवते. कापडासह शिवून देणारा कारखानदार सोलापूरचा, त्याच्याकडे दहा कारागीर. ४०० सेटची ऑर्डर, दर सेटला ४२० रुपये, माल ७ जूनला. २९ मे रोजी शाळेने आणखी ६० सेट मागितले, नवे प्रवेश झाले म्हणून, आणि तारीख तीच ठेवली. हिने फोन केला. भाई म्हणाले, "होऊन जाईल बाजी, थोडे जास्त लागतील." ही म्हणाली, "बघू." माल वेळेवर आला, शिलाई चांगली होती. बिल मात्र ४२० ऐवजी ४८० च्या दराने आले, आणि तेही सगळ्या ४६० सेटवर. म्हणजे २७,६०० रुपये जास्त. खाली दोनच शब्द: ओव्हरटाइम चार्ज.

"बाई, हे हडपणेच झाले ना?" तिने विचारले. मी म्हटले, आधी हिशेब करू, शब्द नंतर निवडू.

ओव्हरटाइममध्ये महाग काय होते? कापड रात्री महाग होत नाही, बटणे होत नाहीत, कारखानदाराचा नफाही नाही. महाग होते ती फक्त मजुरी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने जादा कामाला नेहमीच्या दुप्पट दर ठरवून दिला. भाव ठरवताना भाईंनीच तिला सेटमागे शिलाईची मजुरी ९० रुपये सांगितली होती. दुप्पट म्हणजे १८०. पण त्यातले ९० मूळच्या ४२० मध्ये आलेलेच आहेत. तेव्हा जादा पडले सेटमागे ९०, आणि तेही फक्त जे सेट जादा वेळेत शिवले गेले त्यांच्यावर. इथेच बहुतेक बिले फुगतात. कोणी पूर्ण १८० लावतो, कोणी सगळ्या मालावर सरसकट टक्का चढवतो.

मग जादा वेळेत किती सेट शिवले? एक कारागीर दिवसाला पाच सेट शिवतो, दहा जणांचे पन्नास. ४०० सेटला आठ दिवस लागतात आणि काम २८ मे रोजी सुरू व्हायचे होते. ती मोबाइल चाळत होती, तेव्हा भाईंचाच ३० मेचा मेसेज सापडला: कापड आज पोहोचले. म्हणजे दोन दिवस यंत्रे रिकामी होती. उरलेल्या सहा दिवसांत नेहमीच्या वेळात ३०० सेट झाले. बाकीचे १६० सहा संध्याकाळी तीन-तीन तास बसून आणि एक सुट्टीचा दिवस मोडून झाले.

या १६० पैकी ६० तिच्या मागणीमुळे आणि १०० कापड उशिरा आल्यामुळे. कॉस्टिंग शिकलेला कोणीही सांगेल की जादा कामाचा वाढीव भाग घाई ज्याच्यामुळे झाली त्याच्याकडे जातो. गिऱ्हाइकाने मागितले असेल तर त्या ऑर्डरवर, कारखान्याच्या अडचणीने झाले असेल तर कारखान्याच्या खर्चात. कापड आणण्याची जबाबदारी भाईंची होती. व्यापाऱ्याने त्यांना उशीर केला असेल तर तो हिशेब त्यांनी व्यापाऱ्याशी करायचा.

हे कळल्यावर ती एकदम खूश झाली आणि म्हणाली, "मग मी काहीच देणार नाही, उशीर त्यांचाच आहे." तेही बरोबर नव्हते. कापड वेळेवर आले असते तरी तिचे ६० सेट जादा वेळेतच शिवावे लागले असते. आणि फोनवर 'बघू' म्हणणे म्हणजे नकार नव्हे.

पत्र कोणत्या भाषेत लिहायचे यावर थोडा वेळ गेला. बिल मराठीत होते, म्हणून पत्रही मराठीत. ते असे झाले:

"मोहतरम भाई, अस्सलामु अलैकुम. ४६० सेट ७ जूनला मिळाले, शिलाई चांगली आहे. कारागिरांनी रात्री बसून काम केले, त्यांचे शुक्रिया.

बिलात २७,६०० रुपये ओव्हरटाइमचे आहेत. माझ्या हिशेबाने जादा वेळेत १६० सेट झाले. त्यातले ६० मी २९ मे रोजी वाढवून मागितले, त्यांचा जादा खर्च माझा आहे. १०० सेट कापड ३० मे रोजी पोहोचल्यामुळे मागे पडले, तो खर्च माझ्याकडे येऊ नये. शिलाई सेटमागे ९० रुपये, दुप्पट दराने जादा ९०, म्हणून ६० सेटचे ५,४००. रात्रीची वीज आणि कारागिरांच्या रिक्षाचे सेटमागे १० धरले, ते ६००. एकूण ६,००० रुपये मूळ दराच्या रकमेसोबत देते.

माझ्या आकड्यात चूक असेल तर हजेरी आणि मजुरीचे पान दाखवा, मी दुरुस्त करीन. ५,४०० ही कारागिरांची मजुरी धरली आहे, ती त्यांना मिळाल्याचे कळवावे."

पत्रात पहिली कबुली तिची आहे, त्यांची चूक नंतर येते. आणि त्यांच्याबाबत चूक असा शब्द कुठेच नाही, फक्त तारीख आहे. तारखेशी कोणाला भांडता येत नाही.

शेवटचे वाक्य तिला नको होते. "त्यांच्या घरातली गोष्ट, मी कोण विचारणारी?" पण कारागिरांच्या नावाने पैसे मागितले तर ते कारागिरापर्यंत गेले का, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला आहे, असे मला वाटते. मी हट्टाने ठेवायला लावले.

चार दिवसांनी भाईंचा फोन आला. कापडाची बाब त्यांनी मान्य केली, जरा कुरकुर करून. मजुरीचे पान काढले तर कारागिरांना दुप्पट नव्हे, दीडपट दिलेले. म्हणजे सेटमागे जादा ४५. आता तिचे देणे २,७०० अधिक ६०० इतकेच होत होते. ती मला म्हणाली, "बाई, मी वाचले." मग थोडा वेळ गप्प बसली. शेवटी तिने ६,००० च दिले, पण उरलेले २,७०० कारागिरांना वाटून सह्यांचा कागद पाठवण्याच्या अटीवर. कागद आला, दहा सह्या. बाकीच्या १०० सेटवरचा फरक भाईंनी भरला की नाही ते तिने विचारले नाही, मीही नाही.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींनाही उशिरा सुचली. ते ६० सेट नव्या मुलींचे होते, आठवडाभर उशिरा चालले असते. २९ मे रोजीच शाळेला तसे विचारले असते तर तिचा वाटा शून्य झाला असता. तसेच, भाईंनी "जास्त लागतील" म्हटले तेव्हाच मोबाइलवर एक ओळ पाठवायला हवी होती: किती सेट, सेटमागे जादा किती, हो किंवा नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे तिला माझ्याच वर्गात ऐकलेले आठवले. मला आठवले नव्हते.

यंदा तिच्या ऑर्डरच्या कागदावर एक ओळ वाढली आहे: माल वाढवून मागितला तर जादा मजुरी माझी, कापडाला उशीर झाला तर तुमची, आणि ओव्हरटाइम लावण्याआधी सेटची संख्या कळवायची. भाईंनी वाचून सही केली, आणि खाली स्वतःची एक ओळ घातली की साइजची यादी २० मेच्या आत मिळावी. यादी त्यांना १८ मेला मिळाली.