एक जूनवाल्याचा निरोप

मंडळी, ३१ मेला मी निवृत्त झालो. मला शाळेत घालताना आई म्हणाली होती, "दिवाळीच्या आसपासचा आहे." गुरुजींनी प्रवेशाला सहा वर्षं भरवण्यासाठी १ जून लिहून टाकलं. तेव्हा बहुतेकांचे जन्म असेच जूनमध्ये झाले!

नियम असा, की एक तारखेला जन्मलेला शिक्षक अठ्ठावन्न पुरी होताना आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे माझी पाच महिने नोकरी गेली, आणि निरोप ऐन सुट्टीत. मुलं मामाच्या गावाला, वर्गाला कुलूप.

तरी सहकारी सुट्टी मोडून आले, त्यांचे आभार. माझे उरलेले तास त्यांनी वर्षानुवर्षं न कुरकुरता घेतले. आणि आभार कबनूरच्या मुलांचे. घरात मागांच्या खटखटीत झोपणारी ही पोरं, माझ्या आवाजात डुलक्या घेत, तरी गणितं सोडवायची.

आता जन्मदाखला असतो, म्हणून एक जूनवाले संपत चाललेत. जे उरलेत त्यांचा निरोप निकालाच्या दिवशीच ठेवा. शाल नसली तरी चालेल, समोर मुलं हवीत.