पाचव्या वेळचा धीर

बँकेतल्या निरोप समारंभाची एक ठरलेली रीत असते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी कॅश टॅली झाली की काउंटरमागच्या खुर्च्या मोकळ्या जागेत येतात, शाल-श्रीफळ होते, शाखाधिकारी 'दोन शब्द' म्हणून वीस मिनिटे बोलतात आणि उत्सवमूर्ती सगळ्यांचे आभार मानून खाली बसतात. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या लिपिकाने ही रीत जरा वाकवली. आभार त्यांनीही मानले, पण ते मानून झाल्यावर पिशवीतून आलेखकागदाची एक लांबलचक घडी काढली आणि दोन शिपायांना तिची टोके धरायला सांगितली. त्यावर निफ्टीचे महिनाअखेरचे बंद भाव होते, पेन्सिलीने एकेक बिंदू करून मांडलेले. पुढची पंधरा मिनिटे ते त्या कागदाविषयीच बोलले. त्या भाषणाची दखल अग्रलेखातून घ्यावी, असे आम्हाला वाटते. निवृत्तीच्या आठवड्यात माणसाच्या खात्यावर आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम एकदम जमा होते आणि त्याच आठवड्यात सल्ला देणाऱ्यांचे फोनही सुरू होतात. त्या वेळी उपयोगी पडेल असे फार थोडे लोक बोलतात.

त्यांनी सुरुवात लेजरपासून केली. संगणकाआधीच्या काळात खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळला नाही, तर लिपिक आधी फरकाला नऊने भागून पाहत. भाग पूर्ण गेला, तर कुणीतरी 72 च्या जागी 27 लिहिले असण्याची शक्यता मोठी, कारण शेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. चूक नेमकी कोणत्या खात्यात आहे हे त्यातून कळत नसे. कुठल्या प्रकारची चूक शोधायची तेवढे कळे. "साध्या नियमाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी," ते म्हणाले, "तो उत्तर देत नाही. रात्री नऊपर्यंत बसायचे की साडेसहाला घरी जायचे, तेवढे ठरवतो."

आलेखाच्या छंदातही त्यांनी असाच एक नियम धरला. महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी निफ्टीचा बंद भाव लिहायचा. तो धरून मागच्या दहा महिनाअखेरांची सरासरी काढायची. भाव सरासरीच्या वर असेल तर पैसे निर्देशांकाच्या फंडात, खाली असेल तर लिक्विड फंडात. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत काहीही करायचे नाही. नियम त्यांचा स्वतःचा नाही. अमेरिकेतले गुंतवणूक व्यवस्थापक मेब फेबर यांनी 2007 मध्ये दहा महिन्यांच्या चलत सरासरीचा हाच नियम एका शोधनिबंधात मांडला होता आणि त्यांचाही भर मोठी घसरण टाळण्यावर होता. आकडेमोड मात्र या गृहस्थांची स्वतःची, वर्तमानपत्रातल्या बाजारभावांवरून दर महिन्याला हाताने केलेली.

कागदावरची पहिली खूण 2008 ची होती. त्या जानेवारीत निफ्टीने 6350 च्या आसपास शिखर गाठले आणि महिना संपेपर्यंत तो 5137 वर आला. दहा महिन्यांची सरासरी तेव्हा सुमारे 4966 होती, म्हणून नियमाने बाहेर पडू दिले नाही. फेब्रुवारीतही दिले नाही. मार्चअखेर बंद भाव 4734 आणि सरासरी 5123 झाली, तेव्हा नियम म्हणाला, निघा. शिखरावरचा चौथा हिस्सा तोवर गेला होता, आणि हे त्यांनी लपवले नाही. पुढचे तेरा महिने पैसे लिक्विड फंडात होते. नोव्हेंबर 2008 अखेर निफ्टी 2755 वर होता. मार्चमध्ये 10 लाख रुपये बाजारात ठेवून बसलेल्याचे तेव्हा सुमारे 5 लाख 82 हजार उरले होते. एप्रिल 2009 च्या अखेरीस 3474 चा बंद भाव 3335 च्या सरासरीवर गेला आणि नियमाने परत आत घेतले. लोकसभेच्या निकालानंतर, 18 मे 2009 रोजी, बाजार एका दिवसात 17 टक्क्यांहून अधिक उसळून वरच्या सर्किटला थांबला, तेव्हा पैसे आत होते. 4734 ला विकून 3474 ला परत घेतल्यामुळे त्याच रकमेत सुमारे 36 टक्के जास्त युनिट हाती आली, व्याज वेगळे.

शाखेतल्या तरुणांनी इथे टाळ्या वाजवल्या. शेअर बाजारावरची बहुतेक व्याख्याने इथेच संपतात आणि श्रोते घरी जाऊन खाते उघडतात. यांनी मात्र टाळ्या थांबवून घडीचा पुढचा भाग उलगडायला सांगितला.

तिथे 2018 आणि 2019 होते. मार्च 2018 अखेर निफ्टी 10114 वर, सरासरीच्या थोडा खाली बंद झाला. नियमाप्रमाणे बाहेर. एप्रिल संपता संपता तो 10739 वर, नियमाप्रमाणे आत. एका महिन्यात 625 अंकांचा फटका, म्हणजे तेवढ्याच पैशांत जवळजवळ सहा टक्के कमी युनिट. ऑक्टोबरअखेर पुन्हा बाहेर, नोव्हेंबरअखेर पुन्हा आत, पुन्हा वरच्या भावाने. जानेवारी 2019 ला बाहेर आणि मार्चअखेर आत, हा सर्वांत महागडा: 10831 ला विकले आणि 11624 ला घेतले. जुलै ते सप्टेंबर 2019 मध्ये चौथ्यांदा तेच. दीड वर्षात बाजाराने चार वेळा हूल दिली आणि चारही वेळा नियम फसला. चारही फटके एकत्र धरले तर युनिट सुमारे 19 टक्क्यांनी घटली. काही न करता स्वस्थ बसलेला शेजारी या काळात त्यांच्या पुढे निघून गेला होता.

आमच्या मते या भाषणाचा गाभा इथे आहे. बाजार कोसळतो तेव्हा धीर धरा, असे सगळेच सांगतात, आणि ते तुलनेने सोपेही असते, कारण तेव्हा सगळे एकाच होडीत असतात. नियम चार वेळा चुकलेला असतो, शेजारी कमावत असतो, घरातले लोक त्या कागदाकडे बघून हसत असतात, आणि पाचव्या वेळी तोच नियम पुन्हा 'बाहेर पडा' म्हणतो, तेव्हा लागणारा धीर वेगळ्या जातीचा असतो. पाचवी वेळ फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस आली. बंद भाव 11202, सरासरी 11659. करोनाच्या बातम्या परदेशातून येत होत्या, आपल्याकडे टाळेबंदीचा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. मार्चच्या 24 तारखेला निफ्टी 7511 पर्यंत घसरला.

आता याही वेळी टाळ्यांना जागा नव्हती. नियमाने परत आत घेतले ते जुलै 2020 च्या अखेरीस, 11073 ला. 11202 ला विकून 11073 ला घेणे म्हणजे बरोबरीच. स्वस्थ बसलेला शेजारीही जुलैपर्यंत जवळपास तिथेच परत पोचला होता. मग नियमाने दिले काय? "एप्रिलमध्ये कुणाला दवाखान्यासाठी चार लाख लागले असते, तर शेजाऱ्याला ते तळाच्या भावाने विकून काढावे लागले असते. मला लागले नसते. पगार चालू असताना हा फरक लहान असतो. उद्यापासून मला पगार नाही." नियमाचे मोल त्यांनी असे वयाशी जोडले, हे आम्हाला विशेष वाटले. तिशीतल्या माणसाने दरमहा एसआयपी करावी आणि या सगळ्या उठाठेवीत पडू नये, असे त्यांनी त्याच सभेत तरुणांना सांगून टाकले.

नियम मोडतो कसा, हेही त्यांनी सांगितले. तो बहुधा उघडपणे मोडला जात नाही. त्याची दुरुस्ती केली जाते. 2018 च्या दोन हुलींनंतर दहाऐवजी बारा महिन्यांची सरासरी घेऊन पाहावी असे वाटते, मग भाव सरासरीच्या दोन टक्के खाली गेल्यावरच विकावे असे वाटते. मागच्या आकड्यांवर प्रत्येक दुरुस्ती सुंदर बसते, कारण ती त्या आकड्यांकडे बघूनच बेतलेली असते. पुढच्या वर्षी बाजार नवी हूल देतो. त्यावर त्यांची खूण सोपी आहे: नियम बदलण्याची इच्छा फटका बसल्याच्या महिन्यात झाली असेल, तर ती इच्छा रागाची समजावी आणि कागद कपाटात ठेवावा.

या संयमाच्या उलट टोकाला आज काय चालले आहे, याची नोंद सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालात आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या लोकांकडे आलेख नव्हते असे नाही. मोबाइलवर पाच मिनिटांचे, एक मिनिटाचे, हवे तितके आलेख होते. पण मिनिटाच्या आलेखावर दिवसात कितीतरी निर्णय समोर येतात आणि प्रत्येक व्यवहाराला दलाली, कर व शुल्क लागते. महिन्याच्या आलेखावर वर्षात बारा निर्णय येतात आणि त्यातले बहुतेक 'काही करू नका' असेच असतात. पेन्सिलीने एक बिंदू काढायला लागणारा महिना हाच त्या पद्धतीचा खरा बचाव आहे.

स्वतःच्या पैशांचे त्यांनी काय केले, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जाईल, जिची मर्यादा आता 30 लाख रुपये आहे. दोन वर्षांचा घरखर्च मुदतठेवीत राहील. उरेल त्यालाच तो दहा महिन्यांचा नियम लागू होईल, आणि चार हुली लागोपाठ बसल्या तरी घरातले दूध बंद होणार नाही इतकीच ती रक्कम असेल.

निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाने आलेख काढावेत, असे आम्ही म्हणणार नाही. पण कुठल्याही योजनेत पैसे घालण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: हा नियम लागोपाठ चार वेळा कधी चुकला, आणि तेव्हा किती गेले? ज्याच्याकडे या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर आहे, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. बाकीच्यांना चहा पाजून निरोप द्यावा.