‘निदान’ म्हणण्याआधी

आमच्या एका मैत्रिणीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. चामटोलीच्या नव्या इमारतींपैकी एकीत ती राहते. सासर-माहेर दोन्ही लांब, नवरा अंबरनाथच्या कंपनीत शिफ्टला. अशा वेळी मन मोकळं करायला माणूस म्हणजे आम्हीच, रविवारी विहारात भेटणाऱ्या सात-आठ जणी. तिला आम्ही काय काय बोललो आणि त्यातलं किती चुकलं, ते या वेळच्या आरोग्य पानावर मांडत आहोत. तिला विचारूनच लिहितो आहोत. ‘माझं नाव नको, बाकी लिहा’ असं ती म्हणाली.

घरी कुणी गेलं की आपल्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. लोक येतात, बसतात, गेलेल्या माणसाविषयी बोलतात. जन्माआधीच गेलेल्या बाळाचं बहुतेक घरांत तसं काही होत नाही. ना नाव, ना फोटो, ना भेटायला यायचा ठरलेला दिवस. त्यामुळे लोक एकेकटे, वेळी-अवेळी येतात, आणि काय बोलावं ते कळत नसल्यामुळे काहीतरी बोलून जातात.

पहिल्या आठवड्यात तिने सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द ‘निदान’. निदान तू तरी वाचलीस. निदान पहिला मुलगा आहे. निदान तोंड पाहिलं नव्हतंस, लळा लागला नव्हता. हे शेवटचं वाक्य आमच्यातल्याच एकीचं. वस्तुस्थिती अशी की तिने तोंड पाहिलं होतं. बाळ पोटात गेलं तरी बहुतेक वेळा कळा आणून, नेहमीसारखंच बाळंतपण करावं लागतं. तिने ते केलं होतं, बाळ हातात घेतलं होतं. आम्ही विचारलंच नव्हतं. दुःख किती मोठं हे न पाहताच ते लहान करायला निघालो होतो.

‘निदान’ने सुरू होणारं वाक्य खोटं नसतं, म्हणूनच ते फसवतं. पहिला मुलगा खरोखर आहे. पण ते ऐकणारीला वाटतं की आता रडले तर मुलाबद्दल कृतघ्न ठरेन. मग ती म्हणते, ‘हो गं, खरं आहे’ आणि गप्प होते. धीर चुकला आहे हे ओळखायची हीच खूण. तिची वाक्यं आखूड होतात, ‘हं’, ‘बघू’ एवढंच येतं, किंवा ती उलट तुमचीच समजूत घालू लागते. आमच्या मैत्रिणीने तर ‘तुम्ही नका रडू’ म्हणून आम्हालाच चहा करून पाजला. बाळंतपणाला पाच दिवस झालेल्या बाईने!

आपल्या घरांत आणखी एक शब्द येतो, ‘अनित्य’. एक ज्येष्ठ काकू तिला म्हणाल्या, ‘सगळं अनित्य आहे बाळा, दुःख धरून बसू नये.’ आणि मग किसा गोतमीची गोष्ट सांगितली. काकूंचा हेतू चांगला होता. पण ती गोष्ट आपण फार भरभर सांगतो. मेलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या गोतमीला तथागतांनी पहिल्याच वाक्यात ‘मरण सर्वांना आहे’ असं सांगितलं नाही. ज्या घरी कुणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण, म्हणाले. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात कुणी बापाचं सांगितलं, कुणी लेकराचं. आपलं दुःख धरून ती इतरांचं ऐकत गेली, आणि जे कळायचं ते तिचं तिला कळलं. काकूंनी मधली सगळी दारं गाळली आणि शेवटचं वाक्य हातात ठेवलं. तत्त्व खरं असलं तरी ते दुसऱ्याच्या तोंडावर झाकण म्हणून ठेवता येत नाही, असं आमचं मत.

आता सल्ल्याचं. साधारण दहाव्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर ती म्हणाली, ‘बाळाचे कपडे अजून पेटीतच आहेत. काय करू कळत नाही.’ आमच्यातली एक लगेच म्हणाली, ‘देऊन टाक कुणाला तरी. डोळ्यांसमोर राहिले की त्रास होतो.’ मैत्रीण म्हणाली, ‘हो, बरोबर आहे.’ मग कुकर लावायचाय म्हणून खाली गेली. पुढचे तीन आठवडे ती गच्चीवर आली नाही.

आपल्या बोलण्यात ‘काय करू’ हा पुष्कळदा प्रश्न नसतोच. ‘आई गं’ म्हणतो तसा तो उद्गार असतो. प्रश्न आहे की उद्गार, हे ओळखायचा एकच खात्रीचा मार्ग आम्हाला सापडला, तो म्हणजे विचारणं. ‘मी काही सुचवू का, की आधी तू सांगतेस?’ एवढंच. आणि तेही नको वाटलं तर तिचेच शेवटचे शब्द परत म्हणायचे: ‘पेटीतच आहेत...’ आणि थांबायचं. थांबणं अवघड जातं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा सातपर्यंत जाता जाता समोरची बोलू लागते.

चूक झाली तर ती दुरुस्तही होते. कपड्यांचा सल्ला देणारी मैत्रीण तीन आठवड्यांनी तिच्या घरी गेली आणि म्हणाली, ‘त्या दिवशी मी घाई केली. तू कपड्यांचं काहीतरी सांगत होतीस.’ लांबलचक माफी नाही, स्वतःचं रडणं नाही. तेव्हा कळलं की तिला कपडे द्यायचे नव्हतेच. एकदा पेटी उघडून ते कुणाला तरी दाखवायचे होते. नवऱ्यासमोर उघडायची हिंमत होत नव्हती. दोघींनी पेटी उघडली. तीन झबली, एक टोपडं, सासूने शिवलेली गोधडी. तासभर गेला. आमची मैत्रीण सांगते की त्या तासात ती स्वतः चार-पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलली नाही, आणि त्यातलं एक होतं, ‘टोपड्याचा रंग तू निवडलास का?’

म्हणजे माहिती कधी द्यायचीच नाही का? तसं नाही. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. बाळ गेलं तरी साधारण दोन ते चार दिवसांत छाती भरते, शरीराला बाळ नसल्याचं कळत नाही. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने फोनवर रडत सांगितलं, ‘ब्लाऊज भिजलाय.’ फोन घेणारी आमच्यातली एक आशाताई. ती आधी एवढंच म्हणाली, ‘दूध आलं, आणि घ्यायला बाळ नाही.’ मग बराच वेळ फक्त ऐकलं. नंतर विचारलं, ‘दुखणं कमी होण्यासाठी काय करतात ते सांगू?’ हो म्हटल्यावर सांगितलं: आधार देणारी ब्रेसियर घाल पण आवळून बांधू नको, थंड पाण्याचा ओला कपडा ठेव, फार ठणकलं तर आराम पडण्यापुरतंच थोडं काढ, सगळं पिळून काढलं तर आणखी येतं. दूध थांबवायची गोळी असते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईला ती चालत नाही. छातीला लाल, गरम गाठ आली किंवा ताप आला तर घरी थांबायचं नाही. माहिती तीच, पण ती दुसऱ्या पायरीवर आली.

‘असं का झालं?’ हा प्रश्न तिने सर्वांना विचारला. यावर कुणी म्हणालं पाण्याच्या कळश्या उचलल्या म्हणून, कुणी म्हणालं लोकलच्या गर्दीमुळे. असले अंदाज म्हणजे तिच्यावर ठेवलेला आरोपच. पुष्कळदा तपासण्या करूनही कारण सापडत नाही, आणि डॉक्टर ते स्पष्ट सांगतात. अशा वेळी ‘मलाही माहीत नाही गं’ हे प्रामाणिक उत्तर आहे. ‘पुढच्या वेळी सगळं नीट होईल’ हेही आपल्या हातात नाही, म्हणून ते वचन देऊ नये. ‘मी बुधवारी दुपारी येते, डबा आणते, मुलाला शाळेतून आणते’ हे आपल्या हातात आहे. ‘काही लागलं तर सांग’ यापेक्षा ते बरं, कारण सांगायचं ओझंही तिच्यावर राहत नाही.

नवऱ्याकडे मात्र आमचं कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्याला सगळे म्हणाले, ‘तू खंबीर राहा, तिला सांभाळ.’ चौथ्या दिवशी तो शिफ्टला गेला. आपल्या पुरुष वाचकांना इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. जुलै १९२६ मध्ये बाबासाहेब आणि माता रमाई यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही त्यांची मुलं गेली होती. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरचे स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. आपण दोघं या धक्क्यातून सावरलो आहोत असं भासवण्यात अर्थ नाही, अशा आशयाचं त्यांनी त्यात लिहिलं आणि चार मुलं गमावल्याचं सांगितलं. त्यांनी मित्राला लिहिलं, आणि न लपवता लिहिलं. बाबासाहेबांनाही जर असं सांगावंसं वाटलं, तर कंपनीत मशीनवर उभ्या असलेल्या मित्राला ‘खंबीर राहा’ म्हणायच्या आधी ‘तू कसा आहेस?’ एवढं विचारायला हरकत नसावी. त्याच्या शेजाऱ्याने अखेर बदलापूर स्टेशनवर लोकलची वाट पाहताना त्याला ते विचारलं. समोरासमोर बसून नाही, शेजारी शेजारी उभं राहून. पुरुषांना ते सोपं जात असावं.

नुसतं ऐकणं कुठे पुरत नाही, तेही सांगायला हवं. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधीचा स्राव, ताप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं यांत वाट न पाहता दवाखाना. मनाचं म्हणाल तर रडणं हा आजार नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, अंघोळीलाही उठवत नाही असं दिसलं तर डॉक्टरांकडे सोबत जावं. आणि ‘मला बाळाकडे जायचंय’ असं ती म्हणाली तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट तिला सांगायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ‘कुणाला सांगू नको’ असं वचन अशा वेळी देऊ नये.

कपडे अजून तिच्या कपाटातच आहेत, टोपडं उशीजवळ. बाळंतपणाची मूळ तारीख येत्या महिन्यात आहे. ती आमच्यातल्या दोघींनी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. त्या दिवशी तिच्याकडे जायचं आहे, आणि चहा आम्हीच करायचा असं ठरलं आहे.