सूत्र जुळले म्हणजे चोरी झाली नाही

अभियांत्रिकीच्या प्रबंधाचा साम्य-अहवाल आला आणि टक्का मर्यादेबाहेर गेला, की नक्कल झाली असे धरून चालण्याची रीत पडली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिले तर शब्द इतके जुळणार नाहीत, हा त्यामागचा आधार. गद्याबाबत तो बव्हंशी खरा आहे, पण गणिती मांडणीत तो कोसळतो. दोन टेकूंवर ठेवलेल्या, सर्वत्र सारखा भार असलेल्या तुळईचा वाक काढताना सहसा EI y'' = wLx/2 − wx²/2 येथून सुरुवात होते. दोनदा इंटिग्रेशन करायचे, टेकूंवर वाक शून्य असतो म्हणून C₁ = −wL³/24 आणि C₂ = 0 मिळवायचे, की मध्यावर 5wL⁴/384EI हे उत्तर येते. चिन्हे रूढ आहेत, पायऱ्यांचा क्रम गणितानेच ठरवला आहे. प्रामाणिक लेखकाने वेगळे लिहायचे तरी काय?

त्यात तपासणीच्या पद्धतीची भर पडते. साम्य तपासणाऱ्या प्रणाली मुख्यतः मजकूर वाचतात. फाइलमधून तो काढताना घातांक खाली येतो, अपूर्णांकाचे अंश-छेद विखुरतात आणि एकेक चिन्ह सुटा शब्द म्हणून मोजले जाऊ शकते. मग सलग तुकड्यांची जुळणी होते. तक्त्यांचेही तसेच होते: प्रसरण विश्लेषणाच्या तक्त्यात आकडे नवे असले तरी स्तंभांची शीर्षके सगळीकडे तीच असतात.

यावर कोणी म्हणेल, लहान जुळण्या वगळण्याची सोय आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळले आहे आणि प्रमाणित समीकरणेही वगळली आहेत. पण चिन्हे शब्दांत मोजली गेली, तर वरच्या सिद्धतेतल्या दोन-तीन ओळीच ही मर्यादा ओलांडतील. आणि अमुक समीकरण प्रमाणित आहे हे यंत्र ओळखेलच असे नाही. समीकरणे चित्ररूपात टाकण्याची पळवाट तर अपायकारकच आहे. टक्का उतरतो, पण ती समीकरणे शोधता येत नाहीत आणि अंध वाचकाचे साधन ती वाचू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सूत्रांच्या साम्याला सूट दिली तर खरा चोर निसटेल. पण w च्या जागी q लिहिणारा चोर आजही निसटतो, कारण चिन्ह बदलले की मजकुराची जुळणी तुटते. त्याला पकडून देतात त्या दुसऱ्याच खुणा: मूळ लेखातली चिन्हाची चूक जशीच्या तशी येणे, तेच अनावश्यक गृहीतक येणे, दुसऱ्याचा नवा निष्कर्ष उल्लेखाशिवाय येणे. त्या विषय जाणणाऱ्या माणसालाच दिसतात. म्हणून परीक्षकाने टक्क्यावर निर्णय न देता अधोरेखित ओळी उघडाव्यात, प्रमाणित सूत्रे व तक्त्यांची शीर्षके बाजूला काढावीत आणि उरलेल्या साम्याचाच जाब विचारावा. एवढे न करता प्रबंध परत पाठवणे हा विद्यार्थ्यावर उघड अन्याय आहे.