ओला स्पंज डबीत ठेवू नका

लग्नघरात फाउंडेशनचा एकच स्पंज चार बहिणींच्या चेहऱ्यावरून फिरतो आणि रात्री ओलाच डबीत बंद होतो. आत साठलेले पाणी, त्वचेचे तेल आणि मेकअप यांवर जंतू व बुरशी वाढतात. मग गालावर पुटकुळ्या येतात, पापणीला रांजणवाडी होते, एकीचे डोळे आले की दुसरीचेही येतात.

म्हणून भगिनींनो, स्पंज प्रत्येकीचा वेगळा असावा आणि वापरला त्याच दिवशी धुवावा. कोमट पाण्यात भिजवून थोडा बेबी शाम्पू लावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत दाबत राहा. पिळू नका, फाटतो. मग उघड्यावर, हवेशीर जागी वाळवा. वास आला, काळे ठिपके दिसले किंवा चिरा पडल्या तर फेकून द्या. चांगला दिसला तरी तीन महिन्यांनी बदला.

ब्रश आठवड्यातून एकदा धुवा. फक्त केसच भिजवा आणि टॉवेलवर आडवा वाळवा. उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरते, गोंद सुटतो आणि केस गळतात.

डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत मेकअप बंद ठेवा. त्या दिवसांत वापरलेले काजळ आणि स्पंज पुन्हा वापरू नका.